बोका गादीवर मुततो ते रागाने नाही

इंदूरला तिलक नगरमध्ये आमच्या ओळखीच्या काकूंचा बोका आहे, फ्लॅटबाहेर कधीच न गेलेला. तो एकदम गादीवर आणि बाथरूमच्या फरशीवर थेंब थेंब मुतायला लागला. शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये बसायचा, नुसता जोर करायचा, उठायचा, परत बसायचा. घरच्यांचं म्हणणं, नवीन सून आली म्हणून सूड घेतोय, आणि शेजारच्यांनी तर नजर उतरवायला सांगितलं. अहो, मांजर सूड घेत नाही, आणि मीठ-मोहरी ओवाळून मूत्राशयाची सूज उतरत नाही!

डॉक्टरांनी लघवी तपासली तर इन्फेक्शन नाही, खडाही नाही. तरुण मांजरांमध्ये मूत्राशयाची अशी सूज फार कॉमन आहे आणि तिचं मूळ बरेचदा ताणात असतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. होतं असं की ताण आला की मेंदूतून निघणाऱ्या नसा नॉरअ‍ॅड्रेनालिन हे शरीराला सावध करणारं रसायन सोडतात. शरीरात याला आवर घालायला कॉर्टिसोल हे हार्मोन असतं, पण या मांजरांमध्ये ते पुरेसं वाढतच नाही, म्हणजे गॅस पेटलेलाच राहतो. मग मूत्राशयाचं आतलं अस्तर झिरपायला लागतं, लघवीतलं पोटॅशियम खालच्या नसांच्या टोकांपर्यंत पोचतं, त्या नसा दुखतात आणि स्वतःच आणखी सूज आणतात. बोक्याच्या डोक्यात ट्रे म्हणजे दुखणं असं बसतं, म्हणून तो मऊ गादी नाहीतर गार फरशी शोधतो.

काकूंकडे नीट बघितल्यावर कळलं की गॅलरीच्या काचेबाहेर रोज एक भटका बोका येऊन बसायचा, आणि एकुलता एक ट्रे नेमका वॉशिंग मशीनच्या बाजूला. शिवाय आधीपासून तो पोट चाटून चाटून तिथले केस घालवत होता आणि दिवसभर पलंगाखाली बसायचा, तेव्हा सगळे म्हणायचे किती शांत आहे! कंटाळा नि ताण मांजरात असाच दिसतो, आरडाओरडा होईलच असं नाही.

मग काचेच्या खालच्या भागावर कागद लावला. दुसरा ट्रे, झाकण नसलेला, मांजराच्या लांबीच्या दीडपट, शांत खोलीत ठेवला (नियम सोपा आहे, जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त). कपाटावर चढायला वाट करून दिली, कारण उंचावरून सगळं दिसलं की त्याला बरं वाटतं. आणि जेवणाआधी दोरीला पीस बांधून खेळवायचं, शेवटी ते त्याला पकडू द्यायचं, मग लगेच खाणं, कारण दबा धरणं, झडप, पकड, खाणं ही त्याची साखळी पूर्ण व्हायला हवी. लेझरच्या ठिपक्यात पकडायला काहीच नसतं, त्याने काही मांजरं उलट जास्त बेचैन होतात.

काही आठवड्यांत गादी कोरडी राहायला लागली. ताण वाढला की त्रास परत येऊ शकतो, तेवढं लक्ष ठेवावं लागतं. पण बोका जोर करतोय आणि थेंबही येत नाहीये, तर घरात बदल करत बसू नका. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्याच क्षणी डॉक्टर गाठा, रात्र असली तरी.