वरची ओळ आणि स्वस्त ओळ: किंमत-तुलनेच्या यादीतला नेहमीचा घोळ

एप्रिल लागला की आमच्या अमळनेरात कूलरच्या किमतींची चौकशी सुरू होते, आणि मोबाइलवर किंमत-तुलनेचे संकेतस्थळ उघडून बसलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते. यंदा ते आमच्या शेजारच्या आबांनी म्हटले: "पहिला नंबरले शे ना भाऊ, मंग तोच सस्ता व्हई." त्यांचा धाकटा मुलगा लगेच उलट बाजूने बोलला की, वर `Sponsored` लिहिलेले आहे, म्हणजे पैसे चारून लावलेला महाग माल आहे, तो सोडून खालचा घ्या. मला ही दोन्ही मते सारखीच चुकीची वाटतात, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. यादीतली जागा आणि यादीतला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

तुलनेचे संकेतस्थळ आणि खरेदीचे संकेतस्थळ यांतला फरक बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो एका वाक्यात संपवतो: पहिले फक्त भाव दाखवून दुकानाकडे पाठवते, दुसरे स्वतःच्या मंचावर व्यवहार पूर्ण करून घेते. ग्राहकाकडून पहिले एक पैसाही घेत नाही. त्याची कमाई दुकानांकडून होते, कधी दर क्लिकमागे ठरावीक रक्कम म्हणून, तर कधी प्रत्यक्ष विक्री झाल्यावर दलाली म्हणून. पुढचे सगळे या एका गोष्टीतून निघते.

आधी `Sponsored` ओळ घेऊ. ही जागा बहुधा लिलावाने ठरते, पण हा लिलाव बाजार समितीतल्या मालाच्या लिलावासारखा सरळ नसतो. तिथे ज्याची बोली मोठी, त्याचा माल. इथे बोलीसोबत त्या ओळीवर किती लोक बोट ठेवतील याचाही अंदाज धरला जातो, कारण कोणी क्लिकच केले नाही तर संकेतस्थळाला काहीच मिळत नाही. समजा, एका दुकानाने दर क्लिकला ६ रुपयांची बोली लावली आणि त्याची ओळ १०० जणांना दाखवली तर २ जण क्लिक करतात. संकेतस्थळाची अपेक्षित कमाई झाली १२ रुपये. दुसऱ्या दुकानाची बोली ४ रुपयेच आहे, पण १०० पैकी ५ जण क्लिक करतात, म्हणजे कमाई २० रुपये. वर दुसरे दुकान येते. एका रूढ पद्धतीत त्याला आपली पूर्ण बोलीही भरावी लागत नाही. खालच्या दुकानाला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे ५ क्लिकमध्ये मिळून १२ रुपयांहून जरासे अधिक, एका क्लिकला साधारण २ रुपये ४० पैसे पुरतात.

आता या दुकानाचा हिशेब पाहा. ४० क्लिकमागे एक गिऱ्हाईक कूलर घेत असेल, तर एका विक्रीमागे जाहिरातीचा खर्च ९६ रुपये येतो. आठ हजारांच्या कूलरवर ९६ रुपये हा बोजा एवढा मोठा नाही की त्यासाठी भाव वाढवावाच लागेल. ज्याचा भाव खरोखरच कमी आहे त्याच्या ओळीवर लोक अधिक क्लिक करतात आणि त्याला जागा स्वस्तात मिळते, असेही घडते. ज्याचा भाव चढा आहे तोही अधिक नफ्याच्या बळावर मोठी बोली लावून वर येऊ शकतो. थोडक्यात, `Sponsored` हा शब्द एवढेच सांगतो की या जागेचे पैसे मोजले आहेत. भाव चढा की उतरता, याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून अशा ओळी न वाचताच वगळा, हा सल्ला मला पटत नाही.

खरा पाय घसरतो तो पुढे. दोन-तीन प्रायोजित ओळी ओलांडल्या की माणूस निश्चिंत होतो आणि त्याखालची यादी कोणी तरी निःपक्षपणे लावलेली आहे असे धरून चालतो. त्या यादीच्या डोक्यावर `Relevance`, `Popularity` किंवा `Recommended` असा शब्द असतो, आणि तो शब्द वाचण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. हा क्रम किमतीचा नसतो. शोधलेल्या शब्दांशी मालाचे नाव किती जुळते, दुकानाचा माल शिल्लक आहे का, आधीच्या लोकांनी कोणत्या ओळीवर क्लिक केले, दुकानाला किती तारे मिळाले आहेत, अशा अनेक गोष्टी एकत्र करून तो लागतो. कित्येक ठिकाणी त्या गोष्टींमध्ये आणखी एक मिसळलेली असते: ते दुकान संकेतस्थळाला दर क्लिकमागे किती देते. ओळीवर `Sponsored` लिहिलेले नसते, कारण ती विशिष्ट जागा कोणी विकत घेतलेली नसते. तरीही पैशाचे वजन क्रमात पडलेले असते. चिठ्ठी लावलेली जाहिरात मला चालते, हे न सांगता टाकलेले वजन चालत नाही.

हा नुसता संशय नाही. हॉटेलांच्या भावांची तुलना करणाऱ्या ट्रिवागो या कंपनीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने चालवलेल्या खटल्यात हे न्यायालयासमोर उघड झाले. आम्ही तुम्हाला स्वस्त भाव शोधून देतो, असे ही कंपनी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींतून सांगत होती. प्रत्यक्षात प्रत्येक हॉटेलसमोर ठळकपणे दाखवायचा भाव निवडताना, कोणते बुकिंग-संकेतस्थळ दर क्लिकमागे अधिक रक्कम देते याला तिच्या गणितात मोठे वजन होते. तपासलेल्या नोंदींपैकी ६६.८ टक्के ठिकाणी ठळक जागी महाग भाव होता आणि त्याच खोलीचा स्वस्त भाव उपलब्ध असूनही मागे पडला होता. शिवाय काट मारून दाखवलेली मोठी किंमत काही वेळा त्याच हॉटेलमधल्या अधिक आलिशान खोलीची असे, त्यामुळे नसलेली बचत दिसे. न्यायालयाने २०२० मध्ये कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केल्याचा निकाल दिला आणि २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. तो ठळक भाव दुकानाने विकत घेतलेली जाहिरात म्हणून नव्हे, तर तुलनेचा निष्कर्ष म्हणून लोकांपुढे मांडला जात होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार, अनेक विक्रेत्यांचा मंच चालवणाऱ्या कंपनीने क्रम ठरवणारे मुख्य निकष आणि त्यांचे परस्परांच्या तुलनेतले महत्त्व सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. ही माहिती बहुधा पानाच्या तळाशी किंवा अटींच्या मजकुरात असते. ती शोधून वाचावी. तिथे व्यापारी संबंध, दलाली किंवा विक्रेत्याकडून मिळणारी रक्कम असा उल्लेख दिसला, तर न चिन्हांकित केलेल्या क्रमातही पैसा आहे असे समजावे. ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्धच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरात बातमी किंवा साध्या मजकुराच्या वेषात दाखवणे हीही अनुचित पद्धत ठरवली आहे.

मग `Price: Low to High` लावले की झाले, असे वाटेल. तसे केल्यावर सर्वात वर काय येते ते एकदा पाहाच. कूलर शोधला असेल तर गवताच्या जाळ्या, पाण्याचा छोटा पंप आणि झाकायचे कापड वर येते, कारण त्यांच्या नावातही कूलर हा शब्द आहे. म्हणून आधी किमतीची खालची मर्यादा, समजा ६,००० रुपये, घालावी आणि मग क्रम बदलावा. हा क्रमही बहुधा मूळ किमतीवर लागतो, घरपोच खर्चावर नाही. आणि तो बदलल्यावरही प्रायोजित ओळी मध्ये मध्ये राहतात. दुकानांकडून येणारी भावांची माहिती ठरावीक काळाने नवी होते, त्यामुळे यादीतला भाव आणि दुकानाच्या पानावरचा भाव जुळत नाही असेही होते. शेवटचा आकडा दुकानाच्या पानावर पिनकोड टाकल्यावर दिसतो, तोच खरा.

आबांसाठी आम्ही हे सगळे कागदावर मांडले. ७० लिटर टाकीचा एकच कूलर, मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत पडताळून घेतलेला, कारण त्या एका अक्षराने टाकी किंवा जाळीचा प्रकार बदलतो. पहिली प्रायोजित ओळ ८,२९० रुपयांची होती, घरपोच मोफत. दुसरी प्रायोजित ओळ ९,१५० ची. त्याखाली शिफारशीच्या क्रमातली पहिली ओळ ८,५९९ ची, तीही घरपोच मोफत. सहाव्या ओळीत ७,६९० दिसत होते आणि मुलाचा आग्रह तोच घेण्याचा होता, पण ४२५४०१ हा पिनकोड टाकताच वाहतुकीचे ६५० वाढून एकूण ८,३४० झाले. आठव्या ओळीतले ७,४९९ तर एका बँकेच्या कार्डवरची ५०० ची सूट आधीच वजा करून लिहिलेले होते. ते कार्ड आबांकडे नाही, म्हणून किंमत ७,९९९ आणि वर वाहतूक ४५०, म्हणजे ८,४४९. नवव्या ओळीतले दुकान अमळनेरला एवढा मोठा माल पाठवतच नव्हते.

म्हणजे त्या दिवशी सर्वात कमी पैशांत घरी येणारा कूलर पहिल्या, प्रायोजित ओळीतलाच होता. आबांचे उत्तर बरोबर आले, पण त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते. आठ दिवसांनी त्यांच्या सुनेसाठी मिक्सर पाहिला तेव्हा पहिली प्रायोजित ओळ ३,४५० ची निघाली आणि तोच मिक्सर, सगळा खर्च धरून, अकराव्या ओळीत २,९८० ला होता.

कूलर मात्र त्यांनी शेवटी बाजारातल्या दुकानातून ८,५०० ला घेतला. त्या भावात चाकांची ट्रॉली होती, जी यादीतल्या सगळ्यांकडे वेगळी विकत घ्यावी लागत होती, आणि टेम्पोतून आणून खिडकीशी बसवून देण्याचे बोलणे आधीच झाले होते. ते दुकान यादीत कोणत्याही क्रमांकावर नव्हते, कारण त्या दुकानदाराने अशा संकेतस्थळाला आपले भाव कधी पाठवलेच नव्हते.