किराणावाल्या शेजाऱ्याचं आयटीआर-४ भरून देताय? आधी हे वाचा

गल्लीतल्या दुकानदाराचं रिटर्न भरून द्यायला काही हरकत नाही, पण काय आपण करायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे नीट माहीत पाहिजे.

छोट्या दुकानदाराला साधारण आयटीआर-४ लागतो, म्हणजे कलम ४४एडीखाली विक्रीच्या ठराविक टक्के अंदाजित नफा दाखवायचा, डिजिटल विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी) आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत पाहिजे. कमिशन एजंटला हे चालत नाही, त्यामुळे धंदा नक्की काय आहे ते आधी विचारा. कागद म्हणाल तर पॅन, आधार, सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंट, जीएसटी असेल तर त्याची रिटर्न्स आणि आयकर पोर्टलवरून काढलेलं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे असलेली वर्षभराच्या व्यवहारांची यादी. एआयएस बघाच, कारण विसरलेल्या एफडीचं व्याज तिथेच सापडतं.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो. समजा खात्यात वर्षभरात २४ लाख जमा दिसतायत, त्यातले १५ लाख क्यूआर कोडवरून आलेले, ५ लाख गल्ल्यातली रोकड नेऊन भरलेली आणि ४ लाख भावाने घरासाठी पाठवलेले. बरेच जण सरळ २४ लाखांवर ६ टक्के लावून मोकळे होतात, पण भावाचे पैसे ही विक्री नाहीच, आणि रोख विक्रीचे पैसे नंतर बँकेत भरले तरी ती विक्री रोखच राहते, तिला ८ टक्के. आणि जी रोकड बँकेत गेलीच नाही, मालाच्या खरेदीत फिरली, ती पण धरायची, समजा अजून ५ लाख. म्हणजे उलाढाल २५ लाख, क्यूआरचे १५ लाखांवर ९०,००० आणि रोख १० लाखांवर ८०,०००, नफा १,७०,०००. पण हा कमीत कमी आकडा आहे हं, खरा नफा ३ लाख झाला असेल तर ३ लाखच दाखवायचा. फॉर्ममध्ये शिल्लक माल, येणी, देणी आणि हातातली रोकड पण मागतात, ते आकडे दुकानदारालाच विचारा, मनाने टाकू नका.

पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल त्यांचाच ठेवा, म्हणजे ओटीपी आणि नोटीस त्यांच्याकडेच जाईल. सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालंच पाहिजे, नाहीतर उशिरा व्हेरिफाय केलं ती तारीखच भरल्याची धरतात आणि लेट फी बसू शकते.

पगारदार शेजारी फॉर्म १६ घेऊन येतो आणि म्हणतो "भाड्याची पावती बनवून रिफंड काढ ना", तिथे स्पष्ट नाही म्हणा. खोटी वजावट दाखवली तर दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो, आणि जाणूनबुजून मदत करणाऱ्यावरही कलम २७८खाली खटला होऊ शकतो.

बँकेने कर्जासाठी सीएने प्रमाणित केलेला ताळेबंद मागितला किंवा ऑडिट लागत असेल तर ते काम सीएचंच. नोटीस आली तर बसून वाचून दाखवा, पण अधिकाऱ्यासमोर त्यांच्या वतीने नुसता शेजारी उभा राहू शकत नाही, तिथे सीए किंवा वकील गाठून द्या.