‘सोमवारपासून नवी प्रणाली’: एका परिपत्रकाची पार्श्वभूमी

कचेरीत नवं सॉफ्टवेअर येणार असलं की जो मेल येतो, त्याचा साचा आता सगळ्यांना पाठ झाला आहे. अमुक तारखेपासून रजेचे अर्ज किंवा बिलं नव्या प्रणालीतच भरायची. प्रशिक्षण अमुक दिवशी, दोन तुकड्यांत. अडचण आल्यास अमुक नंबरवर फोन करा. वाचणारा तारीख बघतो, प्रशिक्षणाच्या दिवशी आपली रजा तर नाही ना ते बघतो आणि मेल बंद करतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. अशी परिपत्रकं मी आधी वाचली आणि नंतर लिहिलीही. या साच्याचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आहेत, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

पहिला तुकडा तारखेचा. ‘या तारखेपासून कामाची पद्धत बदलेल’ असं आगाऊ लेखी कळवणं आपल्याकडे शिष्टाचार म्हणून सुरू झालं नाही, ते कायद्याने सुरू झालं. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम १९४६ चा. गिरणी कामगारांना तो नावानिशी माहीत असे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे मालकाला ठरावीक बाबींत बदल करायचा असेल तर आधी ‘बदलाची नोटीस’ द्यावी लागे. देशपातळीवर औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ घालण्यात आलं आणि चौथ्या परिशिष्टातल्या बाबींसाठी एकवीस दिवसांची मुदत आली. त्या परिशिष्टातली दहावी बाब आपल्या विषयाची आहे: यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या तंत्रात अशी सुधारणा, जिच्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे. नोटिशीचा नमुनाही ठरलेला, फॉर्म ई. ती मुख्य दारापाशी आणि व्यवस्थापकाच्या कचेरीत फलकावर लावायची आणि नोंदलेली युनियन असेल तर तिच्या सेक्रेटरीला रजिस्टर पोस्टाने पाठवायची. रजेच्या अर्जाचं सॉफ्टवेअर आलं म्हणून कोणी फॉर्म ई भरत नाही, हे उघड आहे. पण नोटीस बोर्डावर लागणारा, तारीख ठळक छापलेला कागद ही सवय तिथली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कलम ४० मध्ये ते एकवीस दिवस टिकून आहेत.

कलम ९-अ ला एक परंतुक होतं. बदल एखाद्या करारानुसार किंवा निवाड्यानुसार होत असेल तर वेगळी नोटीस लागत नाही. बँकांमधला संगणकीकरणाचा पुढचा इतिहास वाचताना ही ओळ लक्षात ठेवावी.

साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी इलॅको हाऊस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला होता, यंत्र आत येऊ नये म्हणून. तेव्हा ‘ऑटोमेशन’ हा शब्द मोर्च्यांत ऐकू येई. सरकारने या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते. समितीचा अहवाल १९७२ चा. त्याआधी १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत यांत्रिकीकरणाच्या अटी मांडल्या गेल्या होत्या: कोणाची नोकरी जाणार नाही, झालेला फायदा वाटून घेतला जाईल आणि कामाचा बोजा नीट मोजला जाईल.

बँकांमध्ये या अटींवर सह्या झाल्या त्या सप्टेंबर १९८३ च्या करारात. एका बाजूला इंडियन बँक्स असोसिएशन, दुसरीकडे कर्मचारी संघटना. कोणती यंत्रं, कुठे, ती चालवणाऱ्याला किती विशेष भत्ता, हे सगळं त्यात आलं. त्याच सुमारास सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेची समिती बसली आणि शाखांमध्ये एएलपीएम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिनं यायला लागली. १९९३ साली पुन्हा करार झाला. करार देशपातळीवर झालेला असल्यामुळे शाखेत यंत्र येताना वाटाघाटी उरत नसत, उरत असे ते फक्त कळवणं. आज ज्याला आपण ‘टीमला घोषणा’ म्हणतो तो कागद असा हलका झाला. त्याचं जड काम आधीच मुंबईत कुणीतरी उरकलेलं असे.

दुसरा तुकडा, प्रशिक्षणाच्या तारखा, या करारांच्या पोटातून निघाला. माणूस कमी करायचा नाही असं ठरलं की आहे त्याच माणसाला शिकवणं भाग पडतं. वीस वर्षं लेजरवर बसलेल्या कारकुनाला यंत्रावर बसवायचं, तर त्याला प्रशिक्षण केंद्रावर पाठवावं लागे. त्यासाठी कार्यमुक्तीचा आदेश, प्रवासभत्ता आणि त्याच्या जागी काउंटरवर दुसरा कोणीतरी. शाखा बंद ठेवता येत नाही, म्हणून तुकड्या आल्या. परिपत्रकात ‘तुकडी १’, ‘तुकडी २’ हे शब्द दिसतात त्यांचं मूळ इतकं साधं आहे.

ही तारीख कशी चुकते ते मी जवळून पाहिलं आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ मध्ये बँकांना १ जानेवारी २००१ पूर्वी सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणायला सांगितलं आणि सगळीकडे घाई सुरू झाली. त्याच्या मागोमाग कोअर बँकिंग आलं. शाखेतला सर्व्हर काढून सगळी खाती एका मध्यवर्ती डेटा सेंटरवर न्यायची. आमची शाखा चौदा माणसांची, तालुक्याच्या गावातली. परिपत्रक आलं: पाच, पाच आणि चार अशा तीन तुकड्या, दोन-दोन दिवस, आणि पंधरवड्याने स्थलांतर. प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे झालं. मग शाखेला डेटा सेंटरशी जोडणाऱ्या लीज लाइनचं काम रेंगाळलं आणि स्थलांतराची तारीख सात आठवडे पुढे गेली. नवी तारीख कळवणारं पत्र वेळेवर आलं. त्यात प्रशिक्षणाबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण ते ‘पूर्ण झालेलं’ होतं.

शनिवारी दुपारी व्यवहार थांबले. खात्यांचा डेटा जुन्या प्रणालीतून काढून वर पाठवला. रात्री उशिरापर्यंत जुन्या आणि नव्या तेरजेचे, म्हणजे सगळ्या खात्यांच्या एकत्रित बेरजांचे, आकडे शीर्षानुसार जुळवत बसलो. बचत जुळली, मुदत ठेवी जुळल्या, एका कॅश क्रेडिट खात्याच्या व्याजात फरक होता तो पहाटे सापडला. डेटाच्या बाजूने सगळं चोख. सोमवारी दहा वाजता काउंटर उघडलं आणि तीन माणसांना लॉगिनच करता येईना. प्रशिक्षणात दिलेले पासवर्ड वापराविना मुदत संपून बंद पडले होते. ज्यांना लॉगिन झालं त्यांच्यापैकी दोघांना पैसे काढण्याचा व्यवहार कोणत्या स्क्रीनवर टाकायचा ते आठवेना. खातेदारांकडे जुना खातेक्रमांक, प्रणालीत नवा लांबलचक क्रमांक. जुन्यावरून नवा शोधण्याची स्क्रीन शिकवली होती दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर.

पुढे परिपत्रकं लिहायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी तारखा उलट्या मोजायला लागलो. आधी चालू होण्याचा सोमवार. त्याच्या आदल्या गुरुवार-शुक्रवारी शेवटची तुकडी. पहिली तुकडी त्या सोमवारच्या आधी दहा-बारा दिवसांवर, त्याहून लांब नाही. आणि खाली एक ओळ: चालू होण्याची तारीख दोन आठवड्यांहून जास्त पुढे गेल्यास अर्ध्या दिवसाची उजळणी होईल आणि सर्वांचे पासवर्ड पुन्हा दिले जातील. ही ओळ घालायला वरिष्ठ नाखूश असत. तारीख पुढे जाईल असं आपणच कशाला लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. ती ओळ वाचली की लोक चालू होण्याची तारीख गंभीरपणे घेत नाहीत.

आणखी एक वाक्य जुन्या परिपत्रकांत हमखास राहून जाई: जुनी पद्धत कधी बंद. मशिनं आल्यावर काही काळ हाताची लेजरं आणि मशिन दोन्ही चालत, रोज संध्याकाळी दोन्हींच्या बाकी ताडून बघत. त्या ‘समांतर’ काळाला शेवटची तारीख दिलेली नसली की लेजर वर्षानुवर्षं चालू राही. कारकून आधी लेजरात लिही आणि मग वेळ मिळेल तसं मशिनवर उतरवी. काम दुप्पट, आणि नव्या यंत्रावरचा विश्वास शून्य. एक्सेलची जुनी शीट चालू ठेवून आठवड्यातून एकदा नवी प्रणाली भरणारी टीम हेच करते.

तिसरा तुकडा संपर्काचा. सुरुवातीला मदत म्हणजे यंत्र दुरुस्त करणारा इंजिनिअर, बस. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीकडे आली. त्या सरकारी कंपनीच्या नावातच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन होतं. पुढे शाखाशाखांत यंत्रं पसरली तसे वार्षिक देखभालीचे करार आले आणि यंत्राशेजारी एक वही आली: तक्रार किती वाजता केली, इंजिनिअर किती वाजता आला, काय केलं, सही. ‘कॉल लॉग करणे’ हा शब्दप्रयोग शाखेत त्या वहीमुळे रुळला. यंत्र चालू आहे पण माणूस अडला आहे, यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

तो रकाना ‘हेल्प डेस्क’ने दिला. एकच नंबर, प्रत्येक तक्रारीला क्रमांक, सुटली नाही तर पुढे कोणाकडे जायचं ते ठरलेलं. ही रीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या सरकारी संगणक संस्थेने आयटीआयएल या नावाने लिहून काढली आणि आपल्याकडे ती कोअर बँकिंगच्या कंत्राटांबरोबर पोचली. कागदावर ती उत्तम आहे. पण ती बेतली आहे ती तक्रारी दिवसभर विखरून येतील असं धरून. नवी प्रणाली चालू होते त्या सोमवारी सगळ्या तक्रारी दहा ते साडेबारामध्ये येतात, आणि आमची शाखा चालू झाली त्या सोमवारी एकट्या आमच्या विभागातल्या चार शाखा एकदम चालू झाल्या होत्या. दिलेला नंबर सकाळभर एंगेज. काउंटरसमोर पेन्शनरांची रांग, कारण महिन्याचा पहिला सोमवार. तारीख ठरवणाऱ्याने कॅलेंडर बघितलं नव्हतं.

त्या दिवशी शाखा चालली ती कॅश काउंटरवरच्या एका तरुण कारकुनामुळे. प्रशिक्षणात त्याने आपल्या वहीत प्रत्येक व्यवहाराच्या स्क्रीनचा क्रमांक लिहून घेतला होता, आणि मधल्या सात आठवड्यांत तो रोज सरावाच्या लॉगिनवर जाऊन यायचा, म्हणून त्याचा पासवर्डही जिवंत होता. दुपारपर्यंत त्याला जागेवरून उठवून मोकळं ठेवलं, म्हणजे तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागला. दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी फलकावरचं परिपत्रक काढायला सांगितलं तेव्हा मी ते बघितलं. ‘अडचण आल्यास संपर्क’ याखालचा छापील नंबर कुणीतरी निळ्या पेनाने खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं: कॅश केबिन, इंटरकॉम १४. तो कागद मी फाईलला लावून ठेवला.