‘डिजिटल अटक’ आणि पैशाच्या पळापळीचे गणित

अनोळखी फोन उचलून ९ हा आकडा दाबला की बँक खाते रिकामे होते, असा एक संदेश गेली दोन-तीन वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. काही जण याच्याही पुढे जाऊन, हे भामटे मोबाइलवरून संमोहन करतात असे सांगतात. यांपैकी काहीही खरे नाही. ‘तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ असे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित फोनवर ९ दाबल्याने फक्त एक गोष्ट घडते, ती म्हणजे पलीकडे बसलेल्या माणसाशी आपला फोन जोडला जातो. आपण स्वतः पाठवल्याशिवाय, पासवर्ड सांगितल्याशिवाय किंवा त्यांनी पाठवलेले ॲप मोबाइलमध्ये घेतल्याशिवाय खात्यातील एक रुपयाही हलत नाही. फोन उचलला म्हणजे घात झाला, असे मानणाऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला धडकी भरते आणि भामट्याचे निम्मे काम त्या धडकीनेच होते, म्हणून हा गैरसमज आधी दूर केलेला बरा.

‘डिजिटल अटक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फसवणुकीचे कथानक आता बहुतेकांना ठाऊक आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगून फोन ‘मुंबई पोलीस’ किंवा ‘सीबीआय’कडे जोडून दिला जातो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, शिक्का मारलेले वॉरंट येते आणि ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही’ असे फर्मान निघते. शेवटी ‘तपासणीसाठी’ सगळी रक्कम एका खात्यात भरायला सांगितली जाते आणि ती शहानिशा होताच परत मिळेल असे आश्वासन दिले जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे ज्येष्ठ अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याबाबतीत हेच झाले. त्यांना स्काइपवर सतत नजरेखाली ठेवण्यात आले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी घेण्यात आली, तीत तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंग घेतलेला माणूस बसवण्यात आला आणि ‘आदेश’ म्हणून सात कोटी रुपये दोन हप्त्यांत वळते करून घेण्यात आले. पुढे लुधियाना पोलिसांनी त्यांपैकी सव्वापाच कोटी रुपये मिळवून दिले. ते परत मिळू शकले याचे कारण समजून घेतले, तर ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ या आज्ञेचा खरा उपयोगही समजतो. ही आज्ञा केवळ धाक घालण्यासाठी असते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचे मोठे काम पैसे गेल्यानंतर सुरू होते.

समजा, साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांनी मुदत ठेव मोडून सकाळी अकरा वाजता बारा लाख रुपये आरटीजीएसने पाठवले. हे पैसे टोळीच्या म्होरक्याच्या खात्यात कधीच जात नाहीत. ते जातात भाड्याच्या खात्यात, ज्याला पोलीस आणि बँकांचे लोक ‘म्यूल खाते’ म्हणतात. कमिशनच्या मोहाने एखाद्या विद्यार्थ्याने, बेरोजगार तरुणाने किंवा कागदोपत्री कंपनी काढणाऱ्याने आपले खाते, चेकबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड टोळीच्या हवाली केलेले असते. या पहिल्या खात्यातून रक्कम तुकडे होऊन दुसऱ्या थरातील सहा-सात खात्यांत जाते आणि तेथून पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात शिरावे तशी तिसऱ्या थरातील अनेक खात्यांत पसरते. आयएमपीएसने एका वेळी पाच लाखांपर्यंतची रक्कम काही सेकंदांत आणि रात्री-अपरात्रीही जाते. शेवटच्या थरात कोणी एटीएममधून रोख काढतो, कोणी धनादेशाने, तर कोणी त्यातून आभासी चलन विकत घेऊन ते देशाबाहेर धाडतो. रोख हातात पडली किंवा आभासी चलन परक्या पाकिटात गेले की बँकेच्या हाती गोठवण्यासारखे काही उरत नाही.

आता या पैशाच्या मागे तक्रार कशी धावते ते पाहू. शिक्षकांनी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन केला की त्यांचा खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराला बँकेने दिलेला ओळख क्रमांक, संगणक प्रणालीत नोंदवला जातो. ही नोंद त्यांच्या बँकेला दिसते आणि पैसे कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यात गेले हे ती बँक तेथे भरते. मग ती नोंद दुसऱ्या बँकेकडे जाते. तेथे पैसे शिल्लक असतील तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते आणि पुढे गेले असतील तर ते कोठे गेले हे नोंदवून तक्रार तिसऱ्या बँकेकडे सरकते. म्हणजे पैसे ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने, त्याच थरांतून तक्रारीलाही जावे लागते. फरक एवढाच की पैशाला एका थरातून दुसऱ्यात उडी मारायला काही सेकंद पुरतात, तर तक्रारीला प्रत्येक बँकेत थोडे थांबावे लागते. दोघे एकाच वेळी निघाले तरी प्रत्येक थरागणिक तक्रार मागे पडत जाते. थर जितके जास्त, तितके हे अंतर वाढते आणि थर वाढवण्यामागे टोळीचा हेतू तोच असतो.

मग तक्रार कधी जिंकूच शकत नाही का? शकते, कारण पैशाच्या वेगालाही शेवटच्या टोकाला लगाम बसतो. एटीएममधून रोज किती रोख काढता येते याला मर्यादा असते, धनादेश वटवायला माणसाला बँकेच्या वेळेत शाखेत जावे लागते आणि नवख्या खात्यातून मोठी उलाढाल झाली तर बँकेची यंत्रणा ते खाते हेरू शकते. त्यामुळे मोठी रक्कम मधल्या थरांत काही तास, कधी त्याहूनही अधिक काळ पडून राहते. हेच ते तास, ज्यांत तक्रार पोहोचली पाहिजे. टोळीला हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच पैसे मिळाले तरी ती फोन ठेवत नाही. ‘रिझर्व्ह बँकेकडून पडताळणी सुरू आहे’, ‘उद्या सकाळी तुमची रक्कम परत येईल, तोपर्यंत कैदेतच समजा’ असे सांगून ती माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवते. तो जितका वेळ ‘अटकेत’ राहतो, तितका वेळ १९३० वर फोन जात नाही. दक्षिण मुंबईतील एका वयोवृद्ध महिलेला डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ पर्यंत असेच अडकवून सुमारे वीस कोटी रुपये काढून घेण्यात आले. दोन महिन्यांत पैसा किती थर ओलांडून गेला असेल, याची कल्पना वरच्या हिशेबावरून येईल.

भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक करताना अधिकाऱ्याने त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करावा किंवा तिला अडवावे लागते, अर्थात तिने शब्दाने किंवा कृतीने स्वतःला स्वाधीन केले तर गोष्ट वेगळी. कलम ३६ नुसार अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते आणि अटकेची माहिती नातेवाइकाला कळवावी लागते. म्हणजे ‘घरच्यांना सांगितले तर गुन्हा वाढेल’ ही धमकी कायद्याच्या अगदी उलट आहे. पोलिसांपुढे हजर राहण्याची कलम ३५ खालील नोटीसही व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली तरी साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या महिलेला स्वतःच्या राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही, असे कलम १७९ सांगते. तेव्हा ‘लगेच दिल्लीला हजर व्हा, नाही तर कॅमेऱ्यासमोर बसा’ असा पर्याय ज्येष्ठ नागरिकापुढे ठेवणारा अधिकारी खोटाच समजावा.

असा फोन आला तर त्या माणसाशी कायद्याचा वाद घालू नये, कारण वाद जितका लांबतो तितका त्याला आपला स्वभाव कळत जातो. ‘मी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन उत्तर देतो’ एवढे बोलून फोन बंद करावा. पडद्यावर दिसणारा क्रमांक पुरावा मानू नये, कारण परदेशातून आलेला फोनही भारतीय क्रमांकासारखा दाखवता येतो. खात्री करायची तर त्यांनी दिलेल्या क्रमांकावर करू नये, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर किंवा ११२ वर करावी. मन शांत होत नसेल तर शेजाऱ्याला घरात बोलावून घ्यावे, कारण दुसऱ्या माणसासमोर हे नाटक सहसा दोन मिनिटेही टिकत नाही. पैसे गेले नसतील तर संशयित फोनची नोंद sancharsaathi.gov.in वरील ‘चक्षू’ सुविधेत करता येते.

पैसे पाठवून झाले असतील तर भामट्याला तसा सुगावा लागू न देता, शक्य असल्यास दुसऱ्या फोनवरून, ताबडतोब १९३० वर कळवावे. फोन करताना यूटीआर क्रमांक हाताशी असला तर अनेक मिनिटे वाचतात. बँकेच्या व्यवहाराच्या संदेशात किंवा पासबुकात तो सापडतो. नंतर मिळालेल्या पोचपावतीच्या आधारे चोवीस तासांत cybercrime.gov.in वर तपशीलवार तक्रार पूर्ण करावी आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातील ग्राहकाला मिळणारे संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. डिजिटल अटकेत आपणच स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेले असतात, त्यामुळे त्या परिपत्रकावर विसंबून वेळ घालवू नये.

रोखून धरलेली रक्कमही आपोआप खात्यात येत नाही. ती सोडवण्यासाठी बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्याला काही आठवडे किंवा महिने जातात. याच काळात ‘तुमची गोठवलेली रक्कम सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असे सांगणारे फोन येण्याची शक्यता असते, कारण फसलेल्यांच्या नावांची यादीही या धंद्यात विकली जाते. अशा वेळी आपल्या तक्रारीचा क्रमांक फोन करणाऱ्याला न सांगता ती नोंद ज्या सायबर पोलीस ठाण्याकडे आहे तेथे स्वतः जाऊन विचारावे आणि शुल्काच्या नावाखाली एक पैसाही देऊ नये.