वर्ड फाइल आमच्याकडे पाठवण्यापूर्वी

ई-पुस्तकाला ठरावीक पान नसते. वाचक अक्षर मोठे करतो, फोन आडवा धरतो आणि मजकूर नव्याने मांडला जातो. म्हणून छापील पुस्तकासाठी फाइल सजवताना केलेल्या बऱ्याच युक्त्या इथे उलट अंगावर येतात.

सर्वात जास्त वेळ जातो तो प्रकरणांवर. पुढचे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून एंटर दाबत गेलात, तर फोनवर भलत्याच ठिकाणी रिकामी जागा दिसते. शीर्षक नुसते ठळक आणि मोठे केले, तर ते शीर्षक आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. शीर्षकाला Heading 1 ही स्टाइल द्या. आम्ही तिथेच फाइल तोडतो आणि अनुक्रमणिकाही त्यावरूनच तयार होते. आता View मध्ये जाऊन Navigation Pane उघडा. समजा, तुमची प्रकरणे 12 आहेत आणि तिथे नोंदी 24 दिसताहेत. असे झाले की बहुधा ‘प्रकरण तीन’ आणि ‘परतीची वाट’ या दोन ओळींच्या मध्ये एंटर असतो आणि दोन्ही ओळींना Heading 1 लागलेली असते. तो एंटर काढून Shift+Enter द्या. दोन ओळी दोनच राहतील, नोंद एकच होईल.

चित्राची मांडणी In Line with Text ठेवा. मजकुरावर तरंगणारे चित्र रूपांतरात भलत्याच परिच्छेदाशेजारी जाऊन बसते. मूळ चित्रे वेगळ्या फोल्डरमध्येही पाठवा. ‘पान 42 वरील चित्र पाहा’ असे लिहिले असेल तर ‘चित्र 3 पाहा’ करा, कारण इथे 42वे पान प्रत्येकाचे वेगळे.

फॉन्टचे दुखणे मराठीत जरा जास्तच. आधी एक परिच्छेद निवडून त्याला Nirmala UI लावून पाहा. मजकुराची इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे झाली, तर तो युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट पुस्तकात घालून हे निभावत नाही: वाचकाने फॉन्ट बदलला की सगळे कोसळते, आणि शोधही चालत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

मजकूर युनिकोड असेल तर फॉन्टची फाइल द्या. साधा आणि ठळक यांच्या फाइली सहसा वेगळ्या असतात. ई-पुस्तकात घालण्याची परवानगी परवान्यात आहे का, तेही पाहा. छपाईसाठी घेतलेल्या परवान्यात ती असेलच असे नाही. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ चालतो. आकार कमी करण्यासाठी फॉन्टमधली न लागणारी अक्षरे आम्ही गाळतो. त्यात जोडाक्षरांचे आकार गळाले, तर ‘त्र’ फुटून ‘त्‌र’ दिसतो. कच्ची प्रत हातात आली की आधी जोडाक्षरे तपासा, तीही फोन आणि संगणक दोन्हींवर. वाचकाने स्वतःचा फॉन्ट निवडला तर मात्र आपला फॉन्ट दिसत नाही, आणि त्यावर आमच्याकडे उपाय नाही.