एआयने बनवलेला लोगो छापायला द्यायच्या आधी हे वाचा

"लोगो आम्हीच जनरेट केलाय, म्हणजे मालक आम्हीच ना?" ट्रेडमार्कचे अर्ज भरणाऱ्या आम्हाला हे इतक्या वेळा विचारलं जातं की शेवटी कागदावरच लिहून टाकलं.

यात दोन हक्क आहेत आणि लोक ते एकच समजतात. कॉपीराइट हा चित्रावरचा हक्क. अमेरिकेत तो फक्त माणसाच्या निर्मितीला मिळतो, मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हेच सांगितलं, आणि तिथलं कॉपीराइट ऑफिस नुसता प्रॉम्प्ट लिहिणं पुरेसं मानत नाही. काही देशांत नियम वेगळे आहेत. ट्रेडमार्कला मात्र चित्र कोणी काढलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तिथे बघतात की ही खूण तुमचा माल ओळखायला पुरेशी वेगळी आहे का आणि मिळतीजुळती खूण आधीच कोणाची आहे का. म्हणजे कॉपीराइट कच्चा असला तरी ट्रेडमार्क मिळू शकतो.

आता आमचा वेळ खाणारी चूक. लोक फक्त नाव शोधतात, "नाव मोकळं आहे" म्हणून बोर्ड, पॅकिंग सगळं छापतात आणि मग आमच्याकडे येतात. चित्र कोणी शोधतच नाही. समजा वॉटर फिल्टरसाठी थेंबात पान असा लोगो आलाय. टूलला "पाणी, शुद्ध, नैसर्गिक" सांगितलं की तो थेंब आणि पानच देणार, तुम्हालाही आणि दुसऱ्यालाही! म्हणून वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये (फुकट आहे) इमेज अपलोड करून बघा, मग व्हिएन्ना कोडने, म्हणजे लोगोतल्या चित्रांना प्रकारानुसार दिलेल्या नंबरांनी शोधा, पानं ५.३ खाली येतात. क्लास, म्हणजे ट्रेडमार्कमध्ये माल किंवा सेवा ज्या गटात मोडते तो नंबर, लावायला विसरू नका, फिल्टर ११ मध्ये आणि दुरुस्तीची सेवा ३७ मध्ये, दोन्ही करत असाल तर दोन्ही बघा. त्याच क्लासमध्ये थेंब-पानाची गर्दी दिसली तर रजिस्ट्रेशन मिळालं तरी हक्क तोकडा राहतो, शेजाऱ्याला अडवता येत नाही. आणि डेटाबेसमध्ये सगळ्या देशांचं सगळं नसतं, तुमच्या देशाचं रजिस्टर वेगळं बघावंच लागतं.

दुसरं, टूलच्या अटी. फ्री प्लॅनवर धंद्यासाठी वापर चालतो का, आणि रेडीमेड आयकॉन टाकलाय का? तो आयकॉन शंभर जणांकडे असतो, काही टूल्स अशा लोगोचा ट्रेडमार्क घ्यायलाच मनाई करतात. फॉन्टचं लायसन्सही बघा.

आम्ही टूल, अकाउंट, प्लॅन, तारीख आणि प्रॉम्प्ट मागतो तेव्हा लोक वैतागतात, "फॉर्म भरा ना नुसता" म्हणतात. पण भाच्याने स्वतःच्या अकाउंटवरून बनवून पाठवलेला पीएनजी असेल तर अटींप्रमाणे हक्क भाच्याकडे असू शकतो, त्याची सही असलेलं पत्र लागतं. ते वाद झाल्यावर मिळत नाही.

आणि हो, आमचा डिझायनर तोच थेंब हाताने नव्याने काढून देतो, अक्षरंही स्वतः आखतो, रफ स्केचेस तारखेसकट तुम्हाला देतो. नवीन काढलेल्या भागावर माणसाचं काम दाखवता येतं, जुन्या एआय इमेजवर नाही. छापायच्या आधी आलात तर हे सगळं एकाच फेरीत होतं.