पहिला नंबर खरा, पण किती खात्रीने?

छायाचित्र स्पर्धेच्या निकालात पहिल्याला 8.43 आणि दुसऱ्याला 8.41 गुण दिसले की मला हसू येतं. दशांशचिन्हापुढे दोन आकडे आले की निकाल शास्त्रशुद्ध झाला, असं आपल्याला वाटतं. पण तीच चित्रं त्याच परीक्षकांना आठवड्याने दाखवली, तर गुण तेच राहतील?

गुण बाजूला ठेवू. 'अ' आणि 'ब' ही दोन चित्रं शेजारी ठेवून 40 जणांना फक्त 'कोणतं आवडलं?' एवढंच विचारलं, आणि 23 जणांनी 'अ' निवडलं, असं समजा. म्हणजे 'अ' जिंकलं?

आता चित्रांऐवजी एक नाणं घ्या आणि ते 40 वेळा उडवा. छापा बरोबर 20 वेळाच येईल असं नाही. 23-17 किंवा त्याहून मोठी तफावत, कुठल्याही बाजूने का होईना, 100 पैकी साधारण 43 वेळा पडते. थोडक्यात, चित्रं अगदी तोडीस तोड असती तरी असा निकाल सहज लागला असता. लोकांना तो 'अ'चा विजय वाटेल, पण नाण्याला चित्रकलेतलं काही कळत नाही!

मतं 57.5 टक्के पडली, पण सगळ्या प्रेक्षकांमधली खरी पसंती 42 ते 72 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, असं 95 टक्के खात्रीचं गणित सांगतं. त्या पट्ट्यात 50 बसतो, म्हणून 'अ' सरस आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. खरी पसंती 57.5 टक्केच असेल, तर ती बहुतेक वेळा पकडायला साडेतीनशेच्या आसपास मतं लागतील. ती 51 टक्के असेल तर जवळपास 20 हजार! फरक निम्मा झाला की मतं चौपट लागतात, म्हणून अटीतटीची लढत इतकी महाग पडते.

शिवाय एक खोडी राहतेच. 40 पैकी 20 जणांना 'अ' डावीकडे दाखवलं तेव्हा 15 मतं पडली, आणि उरलेल्या 20 जणांना उजवीकडे दाखवलं तेव्हा फक्त 8, असं निघालं तर? मग डावी बाजूच लोकांना भावत असावी. 'अ' कायम डावीकडेच ठेवलं असतं, तर 75 टक्के मतांचा दणदणीत विजय जाहीर झाला असता. बाजू निम्म्या-निम्म्या वाटल्या, म्हणून ही बाब निदान दिसली तरी. तसंच, दहाच जणांकडून प्रत्येकी चार वेळा मत घेतलं, तर ती 40 स्वतंत्र मतं होत नाहीत. खात्रीचा पट्टा आणखी रुंद धरावा लागतो.

मी निकाल असा लिहीन: '40 पैकी 23 मतं अ ला, खऱ्या पसंतीचा अंदाज 42 ते 72 टक्के, बाजू अदलून-बदलून दाखवल्या, पहिला क्रमांक अ व ब यांना विभागून.'